आयताचा चौरस, अर्धवर्तुळाच्या मदतीने

९ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद असा आयत आहे. त्याच्याएवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तर बाजू किती घ्याल? लांबी-रुंदीची सरासरी काढून ६.५ म्हणणारे बरेच निघतात. त्या चौरसाची परिमिती आयताच्या परिमितीएवढी म्हणजे २६ सेंटिमीटर होते खरी, पण क्षेत्रफळ भरते ४२.२५ चौरस सेंटिमीटर आणि आयताचे आहे ३६. बाजू ६ हवी. इथे आकडे सोपे असल्यामुळे वर्गमूळ तोंडीच निघाले. पण बाजूंची मापे ठाऊकच नसली, हातात नुसता आयत, खुणा नसलेली पट्टी आणि कंपास असला, तरी हा चौरस काढता येतो. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात युक्लिडने रचलेल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातले शेवटचे, चौदावे विधान याच कामाचे आहे.

एक आडवी रेषा काढा. तिच्यावर आयताच्या लांबीएवढा कख हा रेषाखंड घ्या आणि त्याला लागूनच, त्याच रेषेत, रुंदीएवढा खग घ्या. आपल्या आयतासाठी कख ९ आणि खग ४, म्हणजे कग १३ झाला. कगचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू म मिळवा. म केंद्र धरून आणि मक त्रिज्या घेऊन कगवर अर्धवर्तुळ काढा. आता ख बिंदूवर लंब उभारा. तो अर्धवर्तुळाला जिथे छेदतो तो बिंदू घ. खघ हीच चौरसाची बाजू. मोजून पाहिलीत तर ती ६ सेंटिमीटर भरेल.

चूक होते ती बहुधा लंब उभारताना. मध्यबिंदू नुकताच काढलेला असतो, डोळ्यांपुढे असतो, म्हणून लंब ख ऐवजी म वरच उभारला जातो. मग मिळणारी लांबी ही त्रिज्याच असते, ६.५, म्हणजे पुन्हा तीच सरासरी. ही चूक ओळखणे सोपे आहे. आयताच्या बाजू असमान असतील तर बरोबर उत्तर नेहमी त्रिज्येपेक्षा कमीच यायला हवे, कारण लंब अर्धवर्तुळाच्या माथ्यापासून बाजूला सरकलेला असतो. हेच अर्धवर्तुळ ठेवून ख सरकवला आणि १३ चे ८ व ५ असे भाग केले, तर ८ गुणिले ५ च्या आयताचा चौरस मिळेल. त्याची बाजू ४० चे वर्गमूळ, साधारण ६.३२. दशांशात ही संख्या कधी संपत नाही, पण रेषेला त्याचे काही वाटत नाही. ती दोन ठिकाणी थांबते आणि लांबी पुरी होते.

हे का जमते, याचे उत्तर आपल्याकडच्या दहावीच्या भूमितीत भूमितीमध्याचे प्रमेय म्हणून येते. घ हा बिंदू क आणि ग यांना जोडा. अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, म्हणून कघग हा काटकोन त्रिकोण झाला आणि घख हा त्याच्या कर्णावरचा शिरोलंब. या लंबामुळे त्रिकोणाचे दोन लहान त्रिकोण होतात आणि ते एकमेकांशी समरूप असतात. म्हणून ९ चे लंबाशी जे गुणोत्तर, तेच लंबाचे ४ शी. ९ ला ६ जसे, तसे ६ ला ४, दोन्हीकडे दीडपट. असे दोघांच्या मध्ये बसणारे पद म्हणजे मध्यम प्रमाणपद. त्याचा वर्ग हा दोन टोकांच्या गुणाकाराएवढा असतो आणि तो गुणाकार म्हणजेच आयताचे क्षेत्रफळ.

गंमत अशी, की दुसऱ्या भागात युक्लिड गुणोत्तराचे नावही काढत नाही. प्रमाणाचा सिद्धांत त्याने पाचव्या भागात मांडला आहे आणि मध्यम प्रमाणपदाची रचना सहाव्या भागात, तेराव्या विधानात येते. त्याआधी त्याला हाताशी असलेल्या क्षेत्रफळांवरच भागवावे लागते. त्यासाठी म आणि घ जोडा. मघ ही त्रिज्या आहे, ६.५. मख म्हणजे ९ वजा ६.५, अर्थात २.५. खवर काटकोन आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने खघचा वर्ग ४२.२५ वजा ६.२५, म्हणजे ३६. यातले ६.५ ही लांबी-रुंदीच्या बेरजेची निमपट आणि २.५ ही वजाबाकीची निमपट. कोणताही आयत घ्या, त्याचे क्षेत्रफळ या दोन चौरसांच्या फरकाएवढेच असते. अर्धवर्तुळाचे काम फक्त त्या दोन लांब्यांचा काटकोन त्रिकोण उभा करून देण्याचे. मला स्वतःला ही सिद्धता समरूप त्रिकोणांपेक्षा जास्त आवडते, कारण आपल्याकडच्या शुल्बसूत्रांत जे केले आहे ते हिच्यातून थेट दिसते.

युक्लिडच्याही आधीच्या मानल्या जाणाऱ्या बौधायन शुल्बसूत्रात, यज्ञवेदी रचण्याच्या नियमांमध्ये, आयताचा चौरस करण्याची कृती आहे. अर्धवर्तुळ तिथे नाही. ९ गुणिले ४ चा आयत घेऊन पाहू. रुंदीएवढा ४ चा चौरस बाजूला ठेवायचा. उरलेल्या ५ गुणिले ४ च्या तुकड्याचे लांबीत दोन सारखे भाग करायचे, प्रत्येकी २.५ गुणिले ४. एक भाग जागेवरच ठेवायचा आणि दुसरा वळवून चौरसाच्या शेजारच्या बाजूला लावायचा. आता ६.५ बाजूचा मोठा चौरस जवळजवळ पुरा होतो, फक्त एका कोपऱ्यात २.५ चा चौरस कमी पडतो. तेव्हा मोठ्या चौरसातून तो लहान चौरस वजा करायचा. त्यासाठी मोठ्या चौरसातून २.५ रुंदीची पट्टी आखतात आणि तिची ६.५ लांबीची बाजू एका टोकाशी धरून तिरकी फिरवत समोरच्या बाजूवर टेकवतात. ती जिथे टेकते तिथपर्यंतचे अंतर ६. दोरी आणि खुंटी एवढ्यावर काम होते. कर्ण ६.५, एक बाजू २.५, दुसरी ६: युक्लिडच्या आकृतीतला मखघ हाच त्रिकोण.

कागदावर मात्र अर्धवर्तुळाची रीत प्रत्येक आयताला सारखीच मानवत नाही. १०० सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर रुंद पट्टी घ्या. उत्तर १० यायला हवे. पण इथे ख अर्धवर्तुळाच्या टोकाजवळ, १ सेंटिमीटरवर येतो. तिथे कंस जवळजवळ उभाच चढत असतो, त्यामुळे लंब आणि कंस अगदी निमुळत्या कोनात भेटतात आणि छेदबिंदू नेमका कुठे धरायचा हे पेन्सिलीच्या जाड रेघेत कळत नाही. खची खूण १ मिलिमीटर आत सरकली तर उत्तर जवळजवळ ५ मिलिमीटरने वाढते. ९ आणि ४ च्या आकृतीत तीच चूक उत्तरात अर्धा मिलिमीटरसुद्धा फरक पाडत नाही.

यावर उपाय म्हणून आधी आयतच आखूड करावा. लांबी निम्मी आणि रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ बदलत नाही आणि दोन्ही कृती कंपासने अचूक होतात. १०० गुणिले १ चे ५० गुणिले २, मग २५ गुणिले ४, मग साडेबारा गुणिले ८. आता कग फक्त साडेवीस सेंटिमीटरचा आहे, साध्या वहीच्या पानावर मावणारा. लंब आणि कंसही चांगल्या रुंद कोनात छेदतात आणि तोच १० सेंटिमीटरचा लंब स्वच्छ मिळतो.