शून्य ब्रोकरेजचं बिल किती?

समजा, एका कंपनीचे ४० शेअर तुम्ही प्रत्येकी ५०० रुपयांना घेतले. वीस हजार गुंतले. काही महिन्यांनी भाव ५५० झाला, तेव्हा सगळे विकून टाकले आणि बावीस हजार आले. नफा दोन हजार. ट्रेडिंग ॲपच्या जाहिरातीत ‘डिलिव्हरीवर ब्रोकरेज शून्य’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. तरीही या एका व्यवहारात खात्यातून बासष्ट रुपयांच्या आसपास गेले. हे पैसे गेले कुठे, ते आधी पाहू. मगच फ्लॅट, टक्केवारी आणि मासिक प्लॅन यांची तुलना करण्यात अर्थ आहे.

सगळ्यात मोठा वाटा सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्सचा, म्हणजे एसटीटीचा. डिलिव्हरीत तो हजाराला एक रुपया, आणि खरेदी-विक्री दोन्ही वेळा लागतो. इथे २० अधिक २२ असे ४२ रुपये झाले. हा सरकारचा कर आहे. ब्रोकर तो गोळा करून पुढे भरतो, त्यामुळे कुठल्याही ब्रोकरला तो माफ करता येत नाही. त्यानंतर मुद्रांक शुल्क, फक्त खरेदीवर, लाखाला पंधरा रुपये. म्हणजे आपल्या व्यवहारात तीन रुपये. जुलै २०२० पासून हा दर देशभर एकच आहे, आणि रक्कम खरेदीदार ज्या राज्यात राहतो त्या राज्याच्या तिजोरीत जाते. एनएसईचं ट्रान्झॅक्शन शुल्क लाखाला २ रुपये ९७ पैसे, म्हणजे दोन्ही वेळचे मिळून सव्वा रुपया. सेबीचं शुल्क कोटीला दहा रुपये, जे आपल्यासारख्याला चार पैसे पडतं. या शेवटच्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी.

हे सगळे मिळून साडेशेहेचाळीस रुपये होतात. उरलेले सोळा डीपी चार्जेसचे.

डीपी चार्ज समजून घ्यायलाच हवा, कारण ‘फुकट’ खात्यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. शेअर विकले की ते तुमच्या डीमॅट खात्यातून बाहेर जातात. त्या नोंदीसाठी डिपॉझिटरी, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएल, शुल्क घेते. सीडीएसएलने ऑक्टोबर २०२४ पासून ते नोंदीमागे साडेतीन रुपये केलं. ब्रोकर त्यात आपली भर घालतो आणि तुमच्याकडून साधारण तेरा ते वीस रुपये अधिक जीएसटी वसूल करतो. मी वर साडेतेरा रुपये धरले, जीएसटीसह १५ रुपये ९३ पैसे.

हा आकार एका कंपनीमागे, एका दिवसाला लागतो. किती शेअर विकले याच्याशी त्याचा संबंध नाही. चाळीस शेअर एकदम विकले तरी १५ रुपये ९३ पैसे, आणि एकच विकला तरी तेवढेच. आता तेच चाळीस शेअर भाव बघत बघत दहा-दहा करून चार वेगवेगळ्या दिवशी विकले, तर डीपी चार्ज चार वेळा लागेल: ६३ रुपये ७२ पैसे. पाच-सहा कंपन्यांत प्रत्येकी पाच-सातशे रुपयांचा एकेक शेअर ठेवणाऱ्या आणि गरज पडेल तसा तो विकणाऱ्या नवशिक्याला हा आकार शेकडा दोन-तीन टक्क्यांपर्यंत जातो. ब्रोकरेज मात्र शून्यच असतं. जाहिरात खोटी ठरत नाही.

आणि हा डीपी चार्ज कॉन्ट्रॅक्ट नोटवर दिसत नाही. व्यवहाराच्या दिवशी ईमेलवर येणाऱ्या त्या नोटमध्ये ब्रोकरेज, एसटीटी, मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचं आणि सेबीचं शुल्क आणि जीएसटी एवढंच असतं. डीपी चार्ज, डीमॅटचा वार्षिक देखभाल खर्च, उधारीचं व्याज, शेअर तारण ठेवण्याचं शुल्क या सगळ्या नोंदी लेजरमध्ये पडतात. ॲपच्या पहिल्या पडद्यावर लेजर सहसा नसतो, तो अहवालांच्या विभागात शोधावा लागतो. फक्त कॉन्ट्रॅक्ट नोट वाचणाऱ्याला आपला खर्च कायम कमीच वाटतो.

आता ब्रोकरेजकडे येऊ. जुन्या पद्धतीच्या, विशेषतः बँकांशी जोडलेल्या ब्रोकरांकडे डिलिव्हरीला अर्धा टक्का ही ओळखीची रक्कम होती. आपल्या उदाहरणात खरेदीला १०० आणि विक्रीला ११०, त्यावर जीएसटी धरून २४७ रुपये ८० पैसे. दोन हजारांच्या नफ्यातला आठवा हिस्सा ब्रोकरलाच. २०१० नंतर डिस्काउंट ब्रोकरांनी प्रत्येक ऑर्डरला वीस रुपये हा फ्लॅट दर रूढ केला. त्या हिशेबाने दोन ऑर्डरचे जीएसटीसह ४७ रुपये २० पैसे. अर्धा टक्का आणि वीस रुपये यांचा तोल चार हजारांच्या ऑर्डरवर साधतो. त्यावर फ्लॅट स्वस्त, त्याखाली टक्केवारी.

कागदावर तरी. कारण टक्केवारीच्या प्लॅनमध्ये बहुधा ‘किमान’ हा शब्द लपलेला असतो: अर्धा टक्का, पण ऑर्डरमागे किमान अमुक रुपये. म्हणजे छोट्या ऑर्डरला टक्केवारीचा जो फायदा मिळायचा, तोच काढून घेतलेला. उलट फ्लॅट दर देणारे अनेक ब्रोकर ‘वीस रुपये किंवा ठरावीक टक्के, यांतलं जे कमी असेल ते’ असं लिहितात. छोट्या गुंतवणूकदाराच्या बाजूचं वाक्य हे आहे. टक्केवारीचा प्लॅन दिसला की ‘किमान’ शोधा, फ्लॅटचा दिसला की ‘जे कमी असेल ते’ शोधा. नाही सापडलं, तर तोही निर्णय घ्यायला पुरेसा पुरावा आहे.

दोन्ही पद्धतींत आणखी एक फरक आहे, तो मोठी रक्कम हाताळणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. टक्केवारीला तुकड्यांची पर्वा नसते: बावीस हजारांची विक्री एकदम करा किंवा चार हप्त्यांत, अर्धा टक्का तेवढाच (त्या ‘किमान’ने मध्ये तोंड घातलं नाही तर). फ्लॅट दर मात्र ऑर्डर मोजतो. चार ऑर्डर म्हणजे ऐंशी रुपये. मर्यादित भावाची ऑर्डर दिली, निम्मी पूर्ण झाली आणि उरलेली संध्याकाळी रद्द झाली, तर दुसऱ्या दिवशी टाकलेली ऑर्डर नवी धरली जाते आणि वीस रुपये पुन्हा लागतात.

मासिक प्लॅनचा हिशेब याच वीस रुपयांवर करायचा. समजा, प्लॅन ९९९ रुपयांचा आहे. त्यावर जीएसटी लागतोच, म्हणजे ११७८ रुपये ८२ पैसे. फ्लॅट दराची एक ऑर्डर जीएसटीसह २३ रुपये ६० पैशांना पडते. भागाकार केला तर पन्नास येतात. महिन्याला पन्नास ऑर्डर, म्हणजे पंचवीस खरेद्या आणि पंचवीस विक्र्या झाल्या तर पैसे वसूल. त्याच्या वर गेलात तरच बचत. डिलिव्हरीत ज्याला आधीच शून्य ब्रोकरेज आहे, त्याला तर हा प्लॅन फक्त इंट्राडे किंवा वायद्यांसाठी उपयोगाचा. आणि प्लॅन आहे म्हणून ऑर्डर वाढवल्या, तर प्रत्येक ऑर्डरवर कर आणि शुल्कं वेगळी लागणारच. लोकलचा मासिक पास काढला म्हणून स्टेशनपर्यंतच्या रिक्षाचे पैसे वाचत नाहीत.

पासच्या बाहेर राहणाऱ्या ‘रिक्षा’ कोणत्या? वर सांगितलेले कर, एक्स्चेंजचं शुल्क आणि डीपी चार्ज झाले. फोन करून ऑर्डर दिली किंवा इंट्राडेचा सौदा वेळेत बंद न केल्यामुळे ब्रोकरने तो आपणहून बंद केला, तर बऱ्याच ठिकाणी पन्नास रुपये अधिक जीएसटी लागतात. डीमॅटचा वार्षिक खर्चही वेगळा. त्यात सप्टेंबर २०२४ पासून चांगला बदल झाला आहे: बेसिक सर्व्हिसेस डीमॅट खात्यात चार लाखांपर्यंतच्या शेअरांना देखभाल खर्च नाही, चार ते दहा लाखांना वर्षाला शंभर रुपये. पण ही सवलत ज्याच्या नावावर एकट्याने किंवा पहिला धारक म्हणून एकच डीमॅट आहे, त्यालाच मिळते. मोफत म्हणून तिसऱ्या ॲपवर खातं उघडणारे ही सवलत स्वतःच घालवतात.

सगळ्यात महाग रिक्षा मात्र उधारीची. ॲपमध्ये ‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ अशा धाटणीचं बटण असतं. ती मार्जिन ट्रेडिंग सुविधा, एमटीएफ. पन्नास हजारांची उधारी वर्षाला पंधरा टक्क्यांनी घेतली, तर दिवसाला साडेवीस रुपये व्याज होतं. शनिवार-रविवार धरून, बाजार बंद असला तरीही. म्हणजे एक फ्लॅट ऑर्डर रोज, काहीही न करता. महिन्याला ६१६ रुपये. शिवाय शेअर तारण ठेवायला आणि सोडवायला वेगळं शुल्क. ब्रोकरेज वाचवायला प्लॅन घेणारा माणूस हे बटण दाबतो, तेव्हा ब्रोकरचं उत्पन्न ब्रोकरेजवर अवलंबून राहत नाही.

ब्रोकरांचीही बाजू आहे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत एक्स्चेंज मोठ्या उलाढालीच्या ब्रोकरांना कमी दर लावत असे. ब्रोकर ग्राहकाकडून वरच्या दराने घेत आणि फरक स्वतःकडे ठेवत. सेबीने ती पद्धत बंद केली. आता ग्राहकाकडून घेतलेलं शुल्क आणि एक्स्चेंजला दिलेलं शुल्क एकच असावं लागतं. ते उत्पन्न गेल्यावर काहींनी डिलिव्हरीवरची शून्य ब्रोकरेज बंद केली. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलेला ‘सगळ्यात स्वस्त ॲप’ आज तसाच असेल असं धरू नका.

मासिक प्लॅनचे पैसे भरण्याआधी एकच काम करा. गेल्या तीन महिन्यांचा लेजर आणि कॉन्ट्रॅक्ट नोट काढा, आणि त्यांतली फक्त ब्रोकरेजची बेरीज, तिच्या जीएसटीसकट, तीनने भागा. प्लॅनची किंमत या आकड्यापेक्षा जास्त असेल तर प्लॅन घेऊ नका. आणि बहुसंख्य डिलिव्हरीवाल्यांसाठी ती जास्तच असते.