थकलेल्या हप्त्याचं स्मरणपत्र: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे भरताना एखादा हप्ता राहिला आणि विकासकाचं स्मरणपत्र आलं, की घरात पहिली धास्ती असते ती फ्लॅट रद्द होण्याची. एका हप्त्यावर असं होत नाही. महाराष्ट्रात रेराच्या नमुना करारानुसार तीन हप्ते चुकले तरच विकासकाला करार रद्द करता येतो. त्याआधी त्याने रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने १५ दिवसांची नोटीस द्यायची असते. त्या मुदतीत पैसे भरले, तर करार टिकतो.

‘व्याज बिल्डर मनाला येईल तसं लावतो’ हा समजही जुना झाला. राज्याच्या २०१७ च्या नियमांनुसार दर ठरलेला आहे: स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर अधिक दोन टक्के. ताबा लांबला तर विकासकानेही ग्राहकाला याच दराने व्याज द्यायचं असतं. त्यामुळे पत्रात नुसतं ‘नियमाप्रमाणे व्याज’ लिहिणं पुरेसं नाही; दर, तारीख आणि आकडा तिन्ही हवेत.

समजा, सहाव्या स्लॅबचा तीन लाखांचा हप्ता १ जूनला देय होता आणि दर वार्षिक ११ टक्के आहे. दिवसाचं व्याज साधारण ९० रुपये होतं. १६ जुलैच्या पत्रात एवढं सांगता येईल: “आजपर्यंत ४५ दिवसांचं व्याज ४,०६८ रुपये झालं आहे. एकरकमी भरणं अडचणीचं असल्यास एक लाख आज, एक लाख ३१ जुलैला आणि एक लाख १५ ऑगस्टला भरावेत, ही विनंती. व्याज फक्त उरलेल्या रकमेवर लागेल.” या वेळापत्रकाने एकूण व्याज सुमारे ५,४२५ रुपये होतं, सगळे तीन लाख १५ ऑगस्टलाच भरले, तर ते ६,७८१ च्या घरात जातं.

अशी सवलत मिळाली म्हणजे व्याज माफ झालं, असं अनेकजण धरून चालतात. मुदत वाढली तरी व्याज चालूच राहतं. माफी हवी असेल तर ती वेगळी मागावी आणि लेखी घ्यावी.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘उशीर बँकेने केला, मग व्याज माझ्यावर का?’ हप्ता वेळेत देण्याचं बंधन करारात खरेदीदाराचं असतं, बँकेचं नाही. बँक साधारणपणे आधी खरेदीदाराने स्वतःचा वाटा भरल्याची पावती बघते. शिवाय तिला डिमांड लेटर आणि त्या टप्प्याचा आर्किटेक्टचा दाखला लागतो. कर्ज नेमकं इथेच अडकतं. म्हणून स्मरणपत्रासोबत दाखल्याची प्रत पुन्हा जोडणं हे विकासकाचं काम आहे, असं मला ठाम वाटतं. स्लॅब पडलाच नसेल, तर तो हप्ता देय होत नाही आणि त्यावर व्याजही लागत नाही. तेव्हा पत्र हातात आलं की आधी तो दाखला बघा, त्यावरची तारीख हप्त्याच्या तारखेशी ताडून पाहा आणि तफावत दिसली तर लगेच लेखी कळवा.