बटण दाबले जाते, पण खेळातला माणूस हलत नाही

कॉम्प्युटरवरचा खेळ रंगात आलेला असताना W, A, S, D ही चालण्याची बटणे अचानक काम करेनाशी होतात. माउस फिरतो, नेम धरता येतो, गोळीही सुटते, पण पाय जागचे हलत नाहीत. अशा वेळी संशय पहिल्यांदा कीबोर्डवर जातो आणि नवा कीबोर्ड आणण्याची भाषा सुरू होते. पुष्कळदा कीबोर्डमध्ये काहीच बिघडलेले नसते. बटण दाबले जाते, त्याचा संदेश कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतो, पण खेळापर्यंत जाण्याआधी विंडोज त्या संदेशाचा अर्थ बदलते किंवा तो अडवते. यामागे मुख्यतः दोन कारणे असतात. टंकलेखनाची भाषा नकळत बदललेली असते, किंवा अपंग व्यक्तींच्या सोयीसाठी दिलेली एखादी सुविधा नकळत सुरू झालेली असते.

बटणाचा प्रवास थोडा समजून घेतला की दोन्ही गोष्टी उलगडतात. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. तो फक्त बटणाची जागा सांगणारा एक क्रमांक पाठवतो. W च्या जागेचा क्रमांक १७ आहे, मग त्या बटणावर काहीही छापलेले असो. विंडोज त्या क्रमांकाला बटणाचे नाव देते आणि चालू भाषेचा आराखडा पाहून त्यातून अक्षर तयार करते. म्हणजे एकाच दाबातून जागा, नाव आणि अक्षर अशा तीन गोष्टी निघतात. यांतली कोणती वाचायची, हे खेळ लिहिणारा ठरवतो. जागा वाचणाऱ्या खेळाला भाषा बदलल्याचा पत्ताही लागत नाही. अक्षराची वाट पाहणारा खेळ मात्र भाषा बदलली की तिथेच अडतो, कारण त्याला हवा असलेला w येतच नाही. त्यामुळेच एकाच कॉम्प्युटरवर एक खेळ सुरळीत चालतो आणि दुसरा बटणांना दाद देत नाही.

महाराष्ट्रात अनेक घरांतल्या कॉम्प्युटरवर इंग्रजीबरोबर मराठीही घातलेली असते. एकापेक्षा जास्त भाषा असल्या की त्यांच्यात अदलाबदल करण्यासाठी विंडोज एक जोडी राखून ठेवते. डावे आल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. एकाच भाषेचे दोन आराखडे असतील, म्हणजे मराठीचा इनस्क्रिप्ट आणि मराठीचाच फोनेटिक, तर त्यांच्यात बदल करण्यासाठी कंट्रोल आणि शिफ्ट ही जोडी वापरली जाते. पत्र लिहिणाऱ्याला या जोड्या सोयीच्या आहेत. खेळणाऱ्याची डावी करंगळी आणि अंगठा मात्र सतत याच तीन बटणांवर असतात. लढाईच्या अनेक खेळांत शिफ्ट धरून धावायचे, कंट्रोल धरून खाली वाकायचे आणि आल्ट धरून मान वळवून पाहायचे असते. धावता धावता मागे वळून पाहिले की आल्ट आणि शिफ्ट एकत्र येतात, आणि पडद्यावर काहीही न दिसता इंग्रजीची मराठी होते.

नोकरीच्या परीक्षेसाठी इनस्क्रिप्टवर मराठी टायपिंगचा सराव करणारा एखादा मुलगा संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर खेळतो, असे समजू. दोन-तीन फेऱ्या ठीक जातात. मग एका पळापळीत मागे पाहायला तो आल्ट दाबतो आणि त्यानंतर त्याचा गडी उभाच राहतो. खेळ बंद करून पुन्हा सुरू केला तरी फरक पडत नाही, कारण भाषा खेळात नाही, विंडोजमध्ये बदललेली असते. लॅपटॉप बंद करून सुरू केला की बहुतेक वेळा इंग्रजी परत येते आणि खेळ चालू लागतो. त्यामुळे ‘गरम झाला असेल’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा घडते.

खरे कारण नोटपॅडमध्ये एका मिनिटात कळते. खेळ बंद न करता विंडोजचे बटण दाबून नोटपॅड उघडावे आणि W, A, S, D एकेकदा दाबावे. मराठी इनस्क्रिप्ट चालू असेल तर w, a, s, d ऐवजी ऐकाराची मात्रा, ओकाराची मात्रा, एकाराची मात्रा आणि पाय मोडण्याची खूण उमटते. सोबत व्यंजन नसल्यामुळे त्या ठिपक्यांच्या गोलाला लटकलेल्या दिसतात. यात योगायोग नाही. इनस्क्रिप्टची मांडणीच अशी आहे की स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला येतात आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. चालण्याची चारही बटणे डाव्या हाताची, म्हणून चारही जागी स्वरचिन्हे आणि हलन्तच मिळतात. मराठी लिहिताना ही मांडणी फार सुखाची आहे. खेळाच्या दृष्टीने मात्र त्या चार चिन्हांना काहीच अर्थ नसतो.

फोनेटिक मराठी असेल तर त्रास थोडा वेगळा होतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी शब्द जुळवण्यासाठी ती प्रणाली बटणाचा दाब आधी स्वतःकडे घेते आणि पुढच्या दाबाची वाट पाहते. इनस्क्रिप्टमध्ये बटणाचे नाव तरी W च राहते, त्यामुळे नाव वाचणारे खेळ तगून जातात. फोनेटिकमध्ये मात्र त्यांच्यापर्यंतही W पोहोचेलच असे नाही.

तात्पुरता उपाय सोपा आहे. विंडोजचे बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी परत आणावी आणि खिडकीखालच्या पट्टीत ENG दिसते का, ते पाहावे. कायमच्या उपायासाठी मराठी काढून टाकण्याची गरज नाही, आणि ती काढूही नये. काढायची असते ती फक्त बटणांची जोडी. विंडोज ११ मध्ये पुढच्या क्रमाने जावे:

```
Settings > Time & language > Typing
> Advanced keyboard settings
> Input language hot keys
```

उघडणाऱ्या छोट्या खिडकीत Between input languages ही ओळ निवडून Change Key Sequence दाबावे. तिथे भाषा आणि आराखडा अशा दोन रकाने असतात. दोन्हींत Not Assigned निवडून OK करावे. एकच रकाना बदलून थांबणे ही नेहमीची चूक आहे. मग आल्ट-शिफ्टचा त्रास जातो, पण कंट्रोल-शिफ्टचा राहतो. यानंतरही विंडोज आणि स्पेसबारने भाषा बदलता येते, त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याचे काही अडत नाही. खेळताना ही जोडी चुकून दाबली जाण्याचा संभवही बराच कमी असतो.

दुसरे कारण शिफ्टमध्येच दडलेले आहे. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबले की विंडोज Sticky Keys सुरू करायचे का, असे विचारते. ज्यांना एका वेळी दोन बटणे दाबता येत नाहीत, एका हाताने किंवा तोंडात धरलेल्या काडीने टाइप करावे लागते, त्यांच्यासाठी ही सोय आहे. शिफ्ट दाबून सोडायचे, मग अक्षर दाबायचे, आणि विंडोज ते दोन्ही एकत्र दाबल्यासारखे धरते. अशा सोयींवर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस केंद्रात मोठे काम झाले, आणि विंडोज ९५ पासून त्या विंडोजमध्येच मिळतात.

खेळात दम घेऊन पुन्हा धावण्यासाठी शिफ्ट टपटप दाबले की हा प्रश्न पडद्यावर येतो. त्या क्षणी खेळ मागे जातो आणि पुढची बटणे त्या प्रश्नाच्या खिडकीकडे वळतात. खेळाडू उडी मारण्यासाठी स्पेसबार दाबतो, पण निवड Yes वर असेल तर तो दाब होकार ठरतो. मग शिफ्ट किंवा कंट्रोल एकदा दाबून सोडले तरी ते पुढच्या बटणाला चिकटते, आणि दोनदा दाबले तर अडकूनच राहते. ब्राउझरमधल्या खेळात याचा परिणाम लगेच दिसतो. वाकण्यासाठी कंट्रोल दाबून सोडले आणि पुढे जाण्यासाठी W दाबला, तर ब्राउझरला कंट्रोल-W मिळते आणि खेळाचा टॅबच बंद होतो. शिफ्टसारखे बटण आणि दुसरे कुठलेही बटण एकत्र दाबले की ही सोय आपोआप बंद व्हावी, अशी तजवीज मुळात चालू असते. त्यामुळे हा त्रास अनेकदा अचानक येतो आणि तसाच जातो, आणि त्याचा माग लागत नाही.

‘खेळ बटण ऐकत नाही’ ही तक्रार शब्दशः लागू पडते ती मात्र Filter Keys या तिसऱ्या सोयीला. उजवे शिफ्ट आठ सेकंद धरून ठेवले की तिचा प्रश्न येतो. कंप असलेल्या हातांनी चुकून लागलेले धक्के गाळण्यासाठी ती बनवलेली आहे, म्हणून ती थोडक्यात सुटलेले दाब मोजतच नाही. मूळ मांडणीत बटण सुमारे एक सेकंद दाबून धरल्यावरच ते ग्राह्य धरले जाते. खेळातला दाब सेकंदाच्या लहानशा भागात संपतो, त्यामुळे उडी लागत नाही आणि शस्त्र बदलत नाही. इथेही नोटपॅड उपयोगी पडते. अक्षर हलकेच दाबले तर काहीच उमटत नाही आणि दाबून धरले तर उमटते, असे दिसले की ओळख पटली. उजवे शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरले की ही सोय बंद होते, आणि शिफ्ट पुन्हा पाच वेळा दाबले की Sticky Keys बंद होते.

नोटपॅडमध्ये साधी इंग्रजी अक्षरे नेहमीसारखी उमटत असतील तर शोध दुसरीकडे न्यावा. खेळाच्या स्वतःच्या मांडणीत बटणे बदललेली असू शकतात. फक्त ठरावीक तीन बटणे एकत्र दाबल्यावर तिसरे दाद देत नसेल, तर ती स्वस्त कीबोर्डच्या तारांच्या जाळीची मर्यादा असते. ती कुठल्याही सेटिंगने जात नाही. भाषा बदलल्याचा परिणाम सगळ्या अक्षरांवर होतो आणि बाणांच्या बटणांवर होत नाही, हा फरक लक्षात ठेवला तर गोंधळ होत नाही.

Sticky Keys आणि Filter Keys यांचे प्रश्न पुन्हा येऊ नयेत म्हणून विंडोज ११ मध्ये Settings > Accessibility > Keyboard इथे जावे, दोन्ही नावांवर एकेकदा टिचकी मारून आत जावे आणि Keyboard shortcut for Sticky keys व Keyboard shortcut for Filter keys हे खटके बंद करावेत. खेळ बनवणाऱ्यांनाही हे आपल्या बाजूने करता येते. खेळ सुरू होताना या जोड्या बंद करायच्या आणि संपताना होत्या तशा परत ठेवायच्या, अशी सूचना मायक्रोसॉफ्टने त्यांना दिलेली आहे. तिच्यातच एक अट आहे. ही सोय आधीपासून चालू असेल तर खेळाने तिला हात लावू नये, कारण समोरचा खेळाडू तिच्याच आधाराने खेळत असण्याची शक्यता असते. घरातला किंवा शाळेतला कॉम्प्युटर अनेक जण वापरत असतील तर तिथेही हेच पाळावे. बंद करायची ती फक्त जोडी, सोय नव्हे. आणि कुणासाठी ती चालू ठेवलेली असेल, तर बदल करण्याआधी त्या व्यक्तीला विचारावे.