अडीचशे कार्डांची रिबन

जून महिन्यात आमच्या दुकानात शाळांच्या ओळखपत्रांचं काम येतं. गेल्या वर्षी एका शाळेची २४० कार्डं होती, एका बाजूने छापायची. मशीनमध्ये नवीन रिबन घातली. तिच्या खोक्यावर २५० छपाया असं लिहिलेलं होतं. म्हणजे चुकायला जागा होती फक्त दहा कार्डांची. अकरावं बिघडलं असतं, तर उरलेल्या एका कार्डासाठी दुसरी रिबन फोडावी लागली असती. त्या दहांपैकी कोणती कुठे गेली हे सांगितलं, की हे मशीन कसं चालतं ते आपोआप कळेल.

कार्ड प्रिंटरमध्ये शाई नसते. एक पातळ, लांब फीत असते, तीच रिबन. ती उलगडून उजेडात धरली की दिसतं, तिच्यावर कार्डाएवढे रंगीत चौकोन एकामागून एक आहेत: पिवळा, गुलाबी, निळा, काळा आणि शेवटी पारदर्शक. पुन्हा पिवळा, पुन्हा तीच पाळी. एका कार्डाला असे पाच चौकोन लागतात. कार्ड आत गेलं की फितीखालून पाच वेळा पुढे-मागे फिरतं आणि दर फेरीला एक चौकोन त्याच्यावर उमटतो.

उमटवण्याचं काम उष्णतेचं. फितीच्या वर प्रिंटहेड असतं आणि त्याच्या कडेवर डोळ्यांना वेगळे न दिसणारे तापणारे बिंदू एका ओळीत बसवलेले असतात. एका इंचात ३०० बिंदू, म्हणजे ५४ मिलिमीटर रुंदीच्या कार्डासाठी साडेसहाशेच्या आसपास. बिंदू तापला की फितीवरच्या रंगाची वाफ होते आणि ती प्लास्टिकच्या पृष्ठभागात मुरते. बिंदू जितका जास्त तापेल तितका रंग गडद. म्हणूनच चेहऱ्यावरच्या छटा इतक्या मऊ येतात. काळ्या चौकोनाची गोष्ट मात्र वेगळी. तो वाफ होऊन मुरत नाही, त्याचा थरच सुटून कार्डावर चिकटतो. चिकटला तर पूर्ण काळा, नाहीतर काहीच नाही. अक्षरं आणि बारकोड त्यानेच छापायचे. शेवटचा पारदर्शक थर म्हणजे वरचं संरक्षण. तो नसेल तर खिशात घासून घासून फोटो फिका पडतो.

कार्डावर एकच काळं अक्षर असलं तरी पाचही चौकोन पुढे सरकतात. रंग वापरला की नाही, हे मशीन मोजत नाही. म्हणून चाचणीचं प्रत्येक कार्डही आपल्या दहांतून जातं.

कार्डं भरताना घाई केली की पुढचं सगळं बिघडतं. कोऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यावरचं प्लास्टिक फाडलं की कार्डं एकमेकांना चिकटलेली असतात, कारण प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. तसाच गठ्ठा हॉपरमध्ये ठेवला तर दोन कार्डं एकदम ओढली जातात आणि आत अडकतात. पत्त्यांचा कॅट पिसावा तशी ती हलक्या हाताने मोकळी करायची, पण फक्त कडांना धरून. छापायच्या बाजूला बोट लागलं तर घामाचा तेलकट ठसा राहतो, तेवढ्या भागात रंग नीट मुरत नाही आणि मुलाच्या गालावर पुसट डाग येतो. काही मशीनला कार्डाच्या जाडीप्रमाणे लावायचा खटका असतो. नेहमीचं कार्ड ०.७६ मिलिमीटर जाडीचं. खटका त्याहून जाड कार्डावर राहिला असेल तर दोन कार्डं एकदम जातात, पातळ कार्डावर राहिला असेल तर एकही जात नाही.

रिबन बसवताना दोन गोष्टी पाहायच्या. दोन्ही रिळांमधली फीत ताणलेली हवी. ढील राहिली तर सुरकुती पडते आणि कार्डावर तिरकी रेघ उमटते. दुसरं म्हणजे, बऱ्याच मशीनमध्ये रिबनसोबत एक चिकट रोलर येतो. त्याच्यावरची संरक्षक पट्टी काढून तो बसवायचा. कोऱ्या कार्डावरची धूळ हा रोलर टिपून घेतो. जुना रोलर तसाच ठेवून नवी रिबन लावणं ही सगळ्यात नेहमीची चूक.

आता त्या दहांपैकी पहिली दोन. ती मी जाणूनबुजून खर्च केली, कारण चित्र कार्डावर मध्यभागी बसतंय का, हे पडद्यावर कळत नाही. कडेपासून चारही बाजूंनी २ मिलिमीटर आत एक बारीक काळी चौकट काढली आणि फक्त तीच छापली. मग पट्टी घेऊन मोजलं: डावीकडे २.५ मिलिमीटर, उजवीकडे १.५. वर-खाली बरोबर. दोन्हींतला फरक १ मिलिमीटरचा, म्हणून पुष्कळजण चित्र १ मिलिमीटर सरकवतात आणि चूक दुसऱ्या बाजूला जाते. सरकवायचं असतं फरकाच्या निम्मं, कारण एका बाजूने जितकं कमी होतं तितकंच दुसऱ्या बाजूला वाढतं. म्हणजे अर्धा मिलिमीटर डावीकडे. आमच्या मशीनची सेटिंग बिंदूंमध्ये आहे आणि एका मिलिमीटरला जवळजवळ १२ बिंदू पडतात; म्हणून ६ बिंदू. दुसरं कार्ड छापलं, दोन्हीकडे २ मिलिमीटर आलं.

एवढं करूनही शाळेने दिलेल्या डिझाइनमधली अगदी काठाला टेकलेली लाल किनार मी काढून टाकली. कार्ड रबरी रोलरवरून जातं, त्यात केसभर फरक पडणारच. किनार काठाला असेल तर तेवढाही फरक डोळ्यांत भरतो. पार्श्वभूमीचा रंग कडेच्या थोडा बाहेरपर्यंत न्यावा आणि मजकूर ३ मिलिमीटर आत ठेवावा, म्हणजे तो फरक कुणाला दिसत नाही.

तिसरं कार्ड माझ्या चुकीने गेलं. फोटो, नाव, बारकोड सगळं एकत्र करून मी जेपीजी चित्र मशीनला पाठवलं. कार्ड दिसायला छान होतं, पण नाव भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडा तांबूस आणि पसरलेल्या दिसत होत्या. बारकोडही आमच्या स्कॅनरने वाचला नाही. कारण असं, की मशीन काळा चौकोन तेव्हाच वापरतं जेव्हा काळा रंग शुद्ध असतो, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे शून्य. जेपीजीमध्ये चित्र दाबून साठवलं जातं, त्यात हे शून्य किंचित हलतं. मग मशीनच्या लेखी तो काळा राहत नाही, ते पिवळा, गुलाबी, निळा एकावर एक मारून काळ्यासारखा रंग तयार करतं. तो मुरणारा रंग असल्याने कडा पसरतात. आणि इन्फ्रारेड उजेडावर चालणाऱ्या स्कॅनरला तर असा मिश्र काळा दिसतच नाही. उपाय सोपा आहे. चित्रात फक्त फोटो आणि पार्श्वभूमी ठेवायची. नाव, इयत्ता, बारकोड हे कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर म्हणून टाकायचं आणि त्याला शुद्ध काळा रंग द्यायचा.

मग शंभरेक कार्डं विनातक्रार निघाली. त्यानंतर लागोपाठ दोन कार्डांवर पांढरे ठिपके आले. अशा वेळी दोष कुठे आहे हे कार्डच सांगतं, फक्त त्याचा आकार नीट पाहावा लागतो. ठिपके दर कार्डावर वेगळ्या जागी असतील तर ती धूळ. जिथे कण बसला तिथे रंग पोहोचला नाही. कार्डाच्या लांबीच्या दिशेने सरळ पांढरी रेघ असेल, आणि दर कार्डावर त्याच जागी, तर हेडचा एखादा बिंदू घाणीने झाकला गेलाय किंवा मेलाय. कार्ड त्याच्याखालून लांबीच्या दिशेने सरकतं, म्हणून एका बिंदूची रेघ होते. हेड अल्कोहोलच्या काडीने पुसून, पूर्ण वाळू देऊनही रेघ राहिली तर हेड बदलावं लागतं आणि मशीनमधला सगळ्यात महाग भाग तोच. म्हणून त्याला बोट लावायचं नाही. आणि नाकाच्या कडेला गुलाबी किंवा निळी सावली दिसत असेल, तर रंग एकमेकांवर बसत नाहीयेत. त्यावेळी मघाची सरकवायची सेटिंग चाळण्यात अर्थ नाही, कारण रोलर मळून कार्ड एखाद्या फेरीत घसरत असतं. त्याला स्वच्छतेचं ओलं कार्ड फिरवणं हाच इलाज.

आमच्याकडे धूळ होती. पंखा मशीनच्या समोर होता, तो बंद केला, चिकट रोलर बदलला आणि ठिपके थांबले.

शेवटची दोन गेली ती रिबन तुटल्यामुळे. एक कार्ड किंचित वाकलेलं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं. काळा थर देताना फीत त्याला चिकटली आणि फाटली. अशा वेळी घाबरायचं नाही. अर्धवट कार्ड हळूच काढायचं, फितीचं तुटलेलं टोक पारदर्शक चिकटपट्टीने वापरलेली फीत गुंडाळणाऱ्या रिळाला सरळ चिकटवायचं आणि जोड झालेला भाग आत जाईपर्यंत दोन-तीन वेढे फिरवायचे. झाकण लावलं की मशीन स्वतःच पुढचा पिवळा चौकोन शोधतं. वेढे देताना आणखी एक पाळी वाया गेली, म्हणजे एकूण दोन.

हिशेब असा झाला: चौकटीची दोन, जेपीजीचं एक, धुळीची दोन, रिबनची दोन. सात गेली, २४० पूर्ण झाली, फितीत तीन छपाया उरल्या.

वापरलेली रिबन मी कचऱ्यात टाकत नाही. तिचा काळा चौकोन उजेडात धरून पाहा. जिथला थर कार्डावर गेला तिथे फीत पारदर्शक झालेली असते, आणि तिथे मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचा फोन नंबर सरळ वाचता येतो. रंगीत चौकोनांवर त्याच मुलाच्या चेहऱ्याची उलटी प्रतिमा असते. त्या एका रिळात संपूर्ण शाळेची यादी फोटोसकट गुंडाळलेली होती. भंगारवाल्याकडे ते रीळ कुणीही उलगडू शकलं असतं. शाळेला कार्डांचा गठ्ठा देण्याआधी मी फीत रिळावरून काढली आणि तिचे बारीक तुकडे केले. बिघडलेली कार्डंही कात्रीने कापली. गठ्ठ्यासोबत शाळेला एवढंच कळवलं, की आता या मुलांची माहिती आमच्या दुकानात कागदावर, कार्डावर किंवा फितीवर कुठेही उरलेली नाही.