परदेशी कंपनीस दहा ओळींचे पत्र

बँकेच्या नोकरीत कर्ज विभागाच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली. अर्जांचे गठ्ठे वाचताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. चांगला अर्जदार चार प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर देतो. रक्कम किती, कशासाठी, किती मुदतीसाठी आणि परतफेडीचा आधार कोणता? ज्यांच्या अर्जात ही उत्तरे नसत, ते माणूस म्हणून वाईट नसत. त्यांचा अर्ज मात्र बाजूला पडे, कारण ती उत्तरे शोधून काढण्याचे काम ते आमच्यावर टाकीत असत. निवृत्तीनंतर अंबाडीत स्थायिक झालो, तेव्हा हा अनुभव पुन्हा उपयोगी पडेल असे वाटले नव्हते. गेल्या दिवाळीत तो प्रसंग आला.

आमच्या शेजारच्या कुटुंबातील मुलगी इचलकरंजीस वस्त्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. तिच्या मामांचा भिवंडीत मागांचा कारखाना आहे. जुने धोट्याचे यंत्रमाग काढून त्यांनी परदेशातून आलेले वापरलेले रॅपियर माग बसवले आहेत. असे माग बनवणाऱ्या एखाद्या युरोपीय कंपनीत उन्हाळ्याच्या सुटीत प्रशिक्षण घ्यावे, अशी मुलीची इच्छा होती. तिने लिहिलेले पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, चाळीस कंपन्यांना पाठवले. एकाचेही उत्तर नाही."

पत्र दोन पानांचे होते. आरंभी सविनय निवेदन, मग वडिलांचा व्यवसाय, दहावी-बारावीचे गुण, वक्तृत्व स्पर्धेतील बक्षीस आणि लहानपणापासूनचे स्वप्न. शेवटी मागणी अशी : "आपल्या प्रतिष्ठित संस्थेत कोणत्याही विभागात, कितीही काळासाठी, विनावेतन काम करण्यास मी तयार आहे." मुलीला वाटत होते की यात नम्रता आहे. मला त्यात न भरलेला अर्ज दिसला. "कोणत्याही विभागात" असे लिहिले की तो विभाग ठरवण्याचे काम वाचणाऱ्यावर येते. "कितीही काळ" म्हटले की तारखाही त्यानेच ठरवायच्या. वाचणारा अभियंता आपल्या कामात गुंतलेला असतो. तो पत्र मिटवतो आणि विसरतो. शिवाय चाळीस पत्रांत कंपनीच्या नावाखेरीज एकही शब्द वेगळा नव्हता, आणि ते कोणाच्याही लक्षात येते. पत्रे गेली होती ती कंपन्यांच्या सर्वसाधारण चौकशीच्या पत्त्यांवर.

मी तिला विचारले, "तुला त्यांच्याकडून नेमके काय शिकायचे आहे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मे महिन्यातील हकिकत सांगितली. मामांच्या चार मागांवर बारा दिवस बसून तिने प्रत्येक थांबा वहीत टिपला होता. माग किती वाजता थांबला, ताण्याचा धागा तुटून की बाण्याचा, आणि बाण्याचा असेल तर पन्ह्यात कोठे. रॅपियर मागात धोटा नसतो. एका बाजूची पकड बाण्याचा धागा मध्यापर्यंत आणते, तेथे दुसऱ्या बाजूची पकड तो आपल्याकडे घेते आणि पलीकडे ओढून नेते. तिच्या नोंदींत बाण्याच्या १०४ थांब्यांपैकी ६१ थांबे याच देवाणघेवाणीच्या जागी झाले होते, आणि त्यांतील बहुतेक दुपारचे होते.

हे सारे त्या दोन पानांत कोठेही नव्हते. कारण विचारले तर म्हणाली, "काका, ते तर साधे काम आहे." माझ्या दृष्टीने तेच तिचे तारण होते. दहावीचे गुण पुष्कळांकडे असतात. वापरलेल्या रॅपियर मागांशेजारी बारा दिवस बसून केलेली नोंद फार थोड्यांकडे असेल, आणि माग बनवणाऱ्याला आपला माग वीस वर्षांनी भिवंडीत कसा वागतो याचे कुतूहल असणारच.

मग आम्ही चाळीस कंपन्यांची यादी बाजूला ठेवून तीनच निवडल्या. तिघी रॅपियर माग बनवणाऱ्या होत्या आणि मामांच्या कारखान्यातील माग त्यांच्यापैकी एकीचेच होते. प्रत्येकीच्या संकेतस्थळावर प्रशिक्षणार्थींसाठी वेगळा अर्ज आहे का, ते आधी पाहिले. एका ठिकाणी होता. तेथे तो प्रथम भरला आणि पत्रात त्याचा उल्लेख केला. पत्र कोणाला लिहायचे हा पुढचा प्रश्न होता. मनुष्यबळ विभागापेक्षा ज्याला विषय कळतो असा माणूस हवा. कंपनीच्या तांत्रिक लेखाखाली किंवा वस्त्रयंत्रांच्या प्रदर्शनातील व्याख्यानाखाली अभियंत्याचे नाव छापलेले असते. ती नावे मुलीने दोन संध्याकाळी शोधली. आडनाव आणि पदवी अचूक लिहिली, कारण नावातील चुकीने पहिल्या ओळीतच अविश्वास निर्माण होतो.

पत्र इंग्रजीत गेले. त्यातील एकाचा आशय असा :

"विषय : भिवंडीतील रॅपियर मागांवरील बाण्याचे थांबे; १ जून ते २५ जुलै या आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाची विनंती.

माननीय महोदय, बाण्याच्या देवाणघेवाणीवरील आपला लेख मी वाचला. मी महाराष्ट्रात वस्त्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात असून माझी चार सत्रे पूर्ण झाली आहेत. गेल्या मे महिन्यात मी आपल्या कंपनीच्या चार जुन्या मागांवर १२ दिवस प्रत्येक थांबा नोंदवला. बाण्याच्या १०४ थांब्यांपैकी ६१ मध्यभागी, धागा एका पकडीकडून दुसरीकडे जाताना झाले. नोंदीचे एक पान सोबत आहे. पकडींची जुळणी आपण कशी तपासता, हे मला आपल्या चाचणी विभागात शिकायचे आहे. १ जून ते २५ जुलै या काळात मला येता येईल. हे आपल्या विभागात शक्य आहे का, किंवा मी कोणास लिहावे, एवढे कळवावे ही विनंती."

खाली नाव, महाविद्यालय, दूरध्वनी. सोबत दोनच कागद : एका पानाचा परिचय आणि एका पानाची नोंद. गुणपत्रिका, प्रमाणपत्रे, शिफारशी यांतले काहीही नाही. मागितली तर द्यायची. वेतनाचा उल्लेख गाळला, कारण ते बोलणे होकारानंतरचे. मुलीच्या आजींचा आग्रह होता की तेथील जेवणाचे आधीच विचारून घ्यावे. त्यांची काळजी खरी होती, पण तो प्रश्नही होकारानंतरचाच. शेवटची ओळ मी मुद्दाम घालायला लावली. "मी कोणास लिहावे" असे विचारले की नकार देणाऱ्यालाही पत्र पुढे पाठवण्याची वाट मिळते.

"चार सत्रे पूर्ण" हे शब्दही सहज आलेले नव्हते. तीनपैकी एक कंपनी जर्मनीतील होती. जर्मनीबाहेरील विद्यापीठात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला चार सत्रे झाल्यावर आपल्या अभ्यासाशी निगडित प्रशिक्षणासाठी तेथे जाता येते, कमाल एक वर्षापर्यंत. त्यासाठी तेथील रोजगार खात्याच्या झेडएव्ही या कार्यालयाची संमती लागते आणि व्हिसाही लागतो. म्हणजे कंपनीला होकाराबरोबर कागदपत्रांचेही काम पडते. अर्जदार नियमात बसतो हे पत्रातच दिसले, तर त्या कामाची धास्ती कमी होते. वेळही याच हिशेबाने धरावा लागतो. जूनमध्ये जायचे तर पत्र नोव्हेंबरमध्ये गेले पाहिजे. मार्चमध्ये पाठवलेल्या पत्राला होकार आला तरी कागद वेळेत होतील याचा भरवसा नसतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन पत्रे गेली. एकाचे उत्तर आले नाही. दोन आठवड्यांनी तिने त्याच पत्राखाली तीन ओळींचे स्मरणपत्र पाठवले, तरीही आले नाही. तिसऱ्यांदा लिहू नये असे आम्ही ठरवले. दुसरीकडून सौम्य नकार आला. तिसरे उत्तर जर्मनीतून आले. त्यात होकार नव्हता आणि नकारही नव्हता, एकच प्रश्न होता : थांबे दुपारी अधिक झाले असे नोंदीत दिसते, तेव्हा कारखान्यातील हवेची आर्द्रता किती होती?

मुलगी घाबरून माझ्याकडे आली. आर्द्रता तिने मोजलीच नव्हती. घरातील एकाने सुचवले की साधारण आकडा लिहून टाकावा, कोण पाहायला येणार आहे? माझ्या नोकरीत मी असे साधारण आकडे पुष्कळ पाहिले आहेत, आणि ते शेवटी कोठे जातात तेही. सुती धागा ओलाव्यात अधिक बळकट असतो आणि कोरड्या हवेत लवकर तुटतो. विचारणाऱ्याला हे ठाऊक असणार, आणि अंदाजे आकडा त्याने लगेच ओळखला असता. तिने त्याच दिवशी लिहिले : "आर्द्रता मोजली नव्हती, ही माझ्या नोंदीतील उणीव आहे. डिसेंबरच्या सुटीत मोजून कळवते."

महाविद्यालयातून आर्द्रतामापक घेऊन ती सुटीत पाच दिवस मामांच्या कारखान्यात बसली. सकाळपेक्षा दुपारी हवा स्पष्टपणे कोरडी होती आणि मधल्या जागेचे थांबेही वाढत होते. परंतु दोन माग असे निघाले की त्यांवर ते थांबे सकाळीही तितकेच होते. तेथे कारण हवेत नसून पकडीच्या झिजेत असावे, असे तिने लिहिले, आणि हा निष्कर्ष पाच दिवसांवरचा आहे, हेही लिहिले. जानेवारीत त्या अभियंत्याने वीस मिनिटे दृश्यसंवाद केला. फेब्रुवारीच्या अखेरीस आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणाचे पत्र आले.

या काळात आणखी एक पत्र आले होते, तेही आनंदाचेच. पहिल्या चाळीस पत्रांपैकी एकाच्या उत्तरादाखल कोणा 'समन्वयकाने' निवड झाल्याचे कळवून नोंदणी शुल्क मागितले होते. पत्त्यातील कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होते. आपल्याकडून काम शिकू पाहणाऱ्या मुलाकडे आधी पैसे भरा म्हणणाऱ्या पत्रावर विश्वास ठेवू नये. कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरील क्रमांकावर विचारणा करावी.

त्या मूळ दोन पानांची प्रत माझ्या कपाटात आहे. मुलीने ती फाडून टाकायला सांगितली होती. अंबाडी आणि आसपासच्या गावांतील मुले आता पत्रे दाखवायला येतात, तेव्हा मी ती दोन पाने आणि हे दहा ओळींचे पत्र शेजारी ठेवतो आणि विचारतो, यांतल्या कोणत्या पत्राला तुम्ही उत्तर द्याल? मग त्यांना माझा पहिलाच प्रश्न असतो : तुझी बारा दिवसांची वही कोठे आहे?