न्यूट्रलचा माग

श्रीवर्धनच्या आमच्या घरातल्या जुन्या मीटर-बोर्डाच्या लाकडी दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. पिवळा पडलेला, शिसपेन्सिलीने लिहिलेला: ‘१ माजघर, २ ओटी, ३ स्वयंपाकघर, ४ पंप’. लहानपणापासून तो मला गुप्त खजिन्याच्या नकाशासारखा वाटे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं आणि पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. त्यानंतर हायब्रिड इन्व्हर्टर घ्यायचा ठरला, तेव्हा कळलं की नकाशा अर्धाच आहे. त्यात फेज लिहिलेत, न्यूट्रलचा उल्लेखच नाही.

सोलर पॅनल असूनही साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर वीज गेली की बंद पडतो, कारण खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या घरातून शॉक बसता कामा नये. हायब्रिड इन्व्हर्टर अशा वेळी बाहेरच्या लाइनपासून स्वतःला तोडतो आणि ‘बॅकअप’ या वेगळ्या टर्मिनलवर वीज चालू ठेवतो. त्या टर्मिनलला पूर्ण घर जोडायचं नसतं. अत्यावश्यक सर्किट मुख्य डीबीतून काढून छोट्या, वेगळ्या डीबीत न्यायची. गिझर आणि एसी जुन्याच जागी राहतात.

यादी करणं सोपं होतं. चार बीएलडीसी पंखे 120 वॅट, आठ एलईडी दिवे 72, फ्रिज सरासरी 60, राउटर 12, मोबाइलचे चार्जर 30. एकूण 294. बॅटरी 5 युनिटची, त्यातली 4 वापरायची, म्हणजे सूर्य नसतानाही साधारण तेरा तास.

भांडण झालं ते न्यूट्रलवरून. आमचा वायरमन जुन्या इन्व्हर्टरांच्या काळातला. तेव्हा फेजची एक वायर फिरवली की काम झालं, न्यूट्रल सगळ्यांचा एकच. ‘‘दादा, न्यूट्रलला काय धक्का लावायचा? तो कुठूनही परत जातो,’’ असं म्हणत त्याने फक्त फेज नव्या डीबीत आणले. लाइट चालू असताना ओटीवरचा पंखा लावला आणि आरसीसीबी पडला. साहजिकच होतं: गेलेला प्रवाह नव्या डीबीतून गेला, परतला जुन्या लिंकवरून, आणि आरसीसीबीला गेल्या-आल्याचा हिशेब जुळेना. मेन बंद करून पाहिलं तर पंखा मुकाट. आमच्या इन्व्हर्टरने बाहेरचे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडले होते, त्यामुळे परतीची वाटच उरली नव्हती. वायरमन मग गप्प झाला, आणि खरं सांगायचं तर मला थोडा आनंदच झाला.

पुढचा दिवस न्यूट्रल शोधण्यात गेला. मेन, बॅटरी आणि सोलर तिन्ही बंद केले, टेस्टरने खात्री केली. प्रत्येक न्यूट्रल लिंकमधून सोडवला. मग माजघराच्या होल्डरमध्ये जुना 100 वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि त्या सर्किटचा फेज व एकेक सुटा न्यूट्रल यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला. जिथे चाळीसेक ओहम दिसले, तो त्याचा जोडीदार. (एलईडी दिव्याने हे जमत नाही.) ओटी आणि माजघराचा न्यूट्रल भिंतीत कुठेतरी एकच निघाला, म्हणून दोन्ही सर्किट जोडीनेच हलवली. नव्या डीबीला स्वतःची न्यूट्रल लिंक आणि स्वतःचा आरसीसीबी. अर्थ मात्र दोन्ही डीबींचा एकच.

एवढं करूनही एक सापळा राहतो. बाहेरची लाइन तुटली की तिकडे अर्थला बांधलेला न्यूट्रलही तुटतो. इन्व्हर्टरने आपला न्यूट्रल अर्थला जोडला नाही, तर गळतीच्या प्रवाहाला फेरा पूर्ण करायला वाट नसते आणि आरसीसीबी नुसता शोभेचा उरतो. त्याचं टेस्ट बटण दाबलं तर तो पडतो, पण त्यावर विसंबू नये. ते बटण फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्येच काम करतं, अर्थला विचारतच नाही. मेन बंद ठेवून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजायचं. आमच्याकडे शंभराच्या वर आलं, म्हणजे न्यूट्रल तरंगत होता. इन्व्हर्टरमधली न्यूट्रल-अर्थ रिले सेटिंगमधून चालू केल्यावर ते शून्याजवळ आलं. अनेकजण इथे कायमची तार मारून मोकळे होतात. ते चूक. वीज परत आली की न्यूट्रलचा काही प्रवाह अर्थमधून पळतो आणि मेनचा आरसीसीबी पडतो.

पंपावर आत्या अडून बसली. तिच्या मते अत्यावश्यक म्हणजे आधी विहिरीचं पाणी. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप चालताना सहाशे वॅट घेतो, सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. फ्रिजही त्याच क्षणी सुरू झाला तर तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर मान टाकतो. शेवटी पंप नव्या डीबीत आला, पण त्याचा एमसीबी एरवी खाली. आत्या फ्रिज बंद करते, एमसीबी वर करते, वीस मिनिटांत टाकी भरते.

इन्व्हर्टरच बिघडला तर नवी डीबी थेट मेनवर घ्यायला दोन पोलचा चेंजओव्हर लावलाय. नव्या डीबीच्या दारातही कागद आहे. वायरमनने स्वतःच्या अक्षरात लिहिलेला, फेज आणि न्यूट्रल दोन्हींसकट. ‘४ पंप’ समोर आत्याने खडूने फुली मारली आहे: फ्रिज बंद.