उष्टी हळद

माझ्या थोरल्या भाचीच्या लग्नात उष्टी हळद स्टीलच्या डब्यातून आली, वर विड्याचं पान ठेवलेली. नवऱ्यामुलाची आत्या आणि करवल्या डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या बहिणीचे डोळे भरून आले. हळद आधी नवऱ्याला लागते आणि त्यातली उरलेली नवरीच्या घरी येते, ती उष्टी हळद. उष्टं आपण घरच्या माणसाचंच खातो. दोन घरं एकमेकांना आपलं म्हणतात ती इथून.

त्याआधी घाणा भरलेला असतो. मुसळाला किंवा जात्याला आंब्याची पानं, हळकुंड, सुपारी बांधायची आणि पाच किंवा सात जणींनी मिळून हळकुंडं कुटायची. मग नवरीला पाटावर बसवून आंब्याची पानं तेल-हळदीत बुडवतात आणि पाय, गुडघे, खांदे, कपाळ या क्रमाने टेकवतात. काही घरांत क्रम उलटा असतो. आई, काकू, आत्या, मामी अशा एकेक करून पुढे येतात. हा मान सवाष्णींचाच, असा रिवाज आहे. मला तो पटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तेव्हापासून आमच्याकडे तरी नवरीची आजी कपाळावर कुंकू असो-नसो, पहिली हळद लावते.

पान टेकवण्याच्या या रीतीत हळद फार थोडी लागते. आता मात्र वाट्या भरभरून ती चेहऱ्याला, मानेला, केसांना फासतात. भाचीलाही तशीच फासली. लग्नाच्या दिवशी संध्याकाळी, शालू नेसून उभी असताना तिच्या मानेवर आणि गालांवर लाल पुरळ उठलं, खाज थांबेना. अ‍ॅलर्जीचं पुरळ बऱ्याचदा लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांनी उठतं. हळद आदल्या दिवशी लागते, म्हणजे पुरळ नेमकं मुहूर्ताच्या सुमारास!

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. हळदीच्या आदल्या दिवशी भाचीने मानेचं-चेहऱ्याचं वॅक्सिंग करून घेतलं होतं. डब्यातल्या हळदीत लिंबाचा रस आणि सुगंधी अत्तर होतं. वॅक्सिंगने वरचा थर सोलल्यासारखा झालेला, त्यावर आंबट आणि अत्तर. नंतर तिने नुसती हळद तेलात कालवून कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहिली, काही झालं नाही. पण काहींना शुद्ध हळदीचीही अ‍ॅलर्जी असते, हे डॉक्टरीणबाईंनी आवर्जून सांगितलं.

खरी अडचण उष्ट्या हळदीतच आहे. ती परक्या स्वयंपाकघरातून येते आणि तिच्यात काय कालवलंय हे नवरीला ठाऊक नसतं. म्हणून धाकटीच्या लग्नात मी आधीच विहीणबाईंना फोन केला, "ताई, जी हळद तुम्ही दादांना लावणार, तिची एक पुडी आठ दिवस आधी पाठवाल का?"

पुडी आली. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चिमूटभर वर सोडली. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. मग थोडी तेलात कालवून धाकटीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावली, धुतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली आणि पुढे तीन दिवस वाट पाहिली. खाज नाही, पुरळ नाही. वॅक्सिंग, ब्लीच, फेशियल हळदीच्या चार दिवस आधीच उरकलं. मुरुमांची मलमं लावणाऱ्या मुलीने ती किती दिवस आधी थांबवायची, हे डॉक्टरांनाच विचारावं.

हळदीच्या दिवशी चार चमचे खोबरेल तेलात दोन चमचे हळद, एवढंच. बायकांनी हात धुऊन पानानेच लावली, डोळे आणि ओठ सोडून. पंधरा मिनिटांत नहाण. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आधी कोरडं तेल चोळून ती पुसली, मग बेसन. घाईने साबण लावला तर पिवळं अंग एकदम लालसर दिसतं आणि बाया घाबरतात. साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. चुन्याने हळदीचं कुंकू होतं ते याच गुणामुळे. अंगावरची उरलेली पिवळी छटा दोन-तीन दिवसांत आपोआप जाते.

विहीणबाईंनी पुडीबरोबर एक अख्खं हळकुंडही पाठवलं होतं, सुताने बांधलेलं. धाकटीच्या मनगटावर कंकण म्हणून आम्ही तेच बांधलं.